डब्यावर संशय, सुईवर भरवसा

जिममध्ये नाव घातल्यावर दोन-तीन महिन्यांत बहुतेक मुलांच्या कानावर एक वाक्य पडतंच: "क्रिएटिन घेऊ नकोस, टक्कल पडेल." सांगणारा कधी ट्रेनर असतो, कधी शेजारच्या बेंचवरचा मित्र, तर कधी प्रोटीनचा डबा बघून धसकलेली आई. मग ‘डीएचटी’ हा शब्द कानावर येतो. त्यानंतर मुलगा अंघोळ झाली की मोरीच्या जाळीवरचे केस मोजू लागतो, आरशासमोर कपाळाचे कोपरे तपासू लागतो आणि एक दिवस अर्धा भरलेला डबा कुणाला तरी देऊन टाकतो.

त्याच जिममध्ये दर आठवड्याला टेस्टोस्टेरॉनची सुई घेणारा एखादा मुलगा मात्र निर्धास्त असतो. सोबत फिनास्टेराइडची गोळी घेतली की केसांना काही होत नाही, असं त्याला कुणीतरी सांगितलेलं असतं. यातली भीतीही चुकीच्या जागी आहे आणि निर्धास्तपणाही. व्हे, क्रिएटिन आणि स्टेरॉइड ही तीन अगदी वेगळी प्रकरणं ‘पावडरी आणि औषधं’ या एकाच नावाखाली एकत्र झाल्यामुळे हा घोळ झाला आहे.

आधी डीएचटीबद्दल. पुरुषाच्या शरीरात तयार होणाऱ्या टेस्टोस्टेरॉनचा थोडा भाग ‘पाच-अल्फा रिडक्टेज’ नावाच्या एन्झाइममुळे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमध्ये, म्हणजे डीएचटीमध्ये बदलतो. हे रूप मूळ हार्मोनपेक्षा जास्त जोमदार असतं. गर्भात मुलाची बाह्य जननेंद्रियं त्याच्यामुळे घडतात, वयात आल्यावर दाढी-मिशा आणि छातीवरचे केसही त्याच्यामुळे दाट होतात. डोक्यावर मात्र काही पुरुषांत त्याचा उलटा परिणाम होतो. कपाळाचे कोपरे आणि शेंडीची जागा इथल्या केसांच्या मुळ्या त्याला संवेदनशील असतात. तिथे केसाचा वाढीचा काळ, जो एरवी काही वर्षांचा असतो, दर फेरीला आखूड होत जातो. प्रत्येक नवा केस आधीच्यापेक्षा बारीक आणि तोकडा उगवतो, शेवटी नुसती लव उरते. डोक्याच्या मागचा आणि कानांवरचा पट्टा या संवेदनशीलतेतून सुटतो, म्हणूनच हेअर ट्रान्सप्लांटमध्ये केस तिथून घेतात.

ही गोष्ट माणसाला कळली ती दोन विलक्षण निरीक्षणांतून. अमेरिकन शास्त्रज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ साली दाखवलं की वयात येण्याआधी वृषण काढलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही. पण त्यांना टेस्टोस्टेरॉन दिलं, की ज्यांच्या घराण्यात टक्कल होतं त्यांचे केस जाऊ लागतात आणि ज्यांच्या घराण्यात नव्हतं त्यांचे टिकतात. हार्मोन आणि वारसा दोन्ही लागतात, हे तेव्हाच स्पष्ट झालं होतं. पुढे १९७४ साली डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या सॅलिनास गावातल्या काही कुटुंबांवरचं संशोधन प्रसिद्ध झालं. तिथल्या काही मुलांमध्ये जन्मतःच ते एन्झाइम काम करत नव्हतं. मोठेपणी त्यांचं टेस्टोस्टेरॉन व्यवस्थित होतं, स्नायूही पिळदार होते, पण केसांची रेषा मागे सरकत नव्हती. त्या निरीक्षणाच्या वाटेने फिनास्टेराइड हे औषध आलं. ते एन्झाइमला अडवतं आणि रक्तातलं डीएचटी सुमारे ७० टक्क्यांनी खाली आणतं. केसांसाठीची त्याची १ मिलिग्रॅमची गोळी अमेरिकेत १९९७ साली मंजूर झाली.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवायला हवी. टक्कल पडणाऱ्या माणसाच्या रक्तात डीएचटी फार जास्त असतं असं नाही. दाट केसांच्या मित्राच्या रक्तातही ते जवळपास तेवढंच असू शकतं. फरक असतो तो मुळीच्या संवेदनशीलतेत, आणि ती आईकडून-वडिलांकडून आलेल्या अनेक जनुकांवर ठरते. आईच्या वडिलांकडे बघावं असं लोक म्हणतात त्यात तथ्य आहे, कारण या हार्मोनच्या ग्राहकाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि मुलाला ते आईकडून मिळतं. पण तेवढ्यावर थांबू नये, वडिलांच्या बाजूचाही हिशेब धरावा लागतो.

आता क्रिएटिनकडे. त्याच्यावरचा सगळा आरोप एका अभ्यासावर उभा आहे. हा अभ्यास दक्षिण आफ्रिकेतल्या स्टेलेनबॉश विद्यापीठाच्या संशोधकांनी केला आणि २००९ साली प्रसिद्ध झाला. कॉलेजच्या वयाचे, रग्बी खेळणारे २० तरुण त्यात होते. त्यांनी पहिले ७ दिवस रोज २५ ग्रॅम क्रिएटिन घेतलं, ज्याला जिममध्ये ‘लोडिंग’ म्हणतात, आणि पुढचे १४ दिवस रोज ५ ग्रॅम. दुसऱ्या फेरीत त्याच पद्धतीने नुसतं ग्लुकोज दिलं गेलं. कोणत्या फेरीत काय आहे हे खेळाडूंना ठाऊक नव्हतं आणि मोजणाऱ्यांनाही नव्हतं. पद्धत चांगली होती.

निष्कर्ष असा निघाला की क्रिएटिनच्या पहिल्या आठवड्यानंतर रक्तातलं डीएचटी ५६ टक्क्यांनी वाढलं आणि तीन आठवड्यांच्या शेवटीही ते सुरुवातीपेक्षा ४० टक्के वर होतं. टेस्टोस्टेरॉन मात्र होतं तेवढंच राहिलं. ५६ टक्के हा आकडा ऐकून कुणीही दचकेल. पण टक्केवारीच्या मागे खरे आकडे असतात, ते पाहू. क्रिएटिनच्या फेरीत सुरुवातीचं डीएचटी लिटरमागे ०.९८ नॅनोमोल होतं, ते १.५३ झालं. प्रौढ पुरुषांत ते साधारण ३ पर्यंत असलं तरी सामान्यच धरतात. शिवाय ग्लुकोजच्या फेरीत सुरुवातीचा आकडाच १.२६ होता. म्हणजे क्रिएटिनची फेरी मुळातच खालून सुरू झाली आणि वाढ झाल्यावरही सामान्य पट्ट्याच्या मधोमध थांबली. दुसरीकडे ग्लुकोजच्या फेरीत आकडा थोडा घसरला, त्यामुळे दोन फेऱ्यांतली तफावत आणखी मोठी दिसली.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे या अभ्यासात कुणाच्याही डोक्यावरचे केस मोजलेच नव्हते. संशोधकांनी केसांबद्दल कसलाही दावा सिद्ध केला नव्हता. ‘क्रिएटिनने डीएचटी वाढलं’ आणि ‘डीएचटीने टक्कल पडतं’ ही दोन वाक्यं पुढे लोकांनी जोडली. जिमच्या गप्पांत ती जोडणी इतकी पक्की झाली, की मधला टप्पा कुणी तपासलेला नाही याचा विसर पडला.

तो टप्पा तपासला गेला २०२५ मध्ये. इराणमधल्या संशोधकांनी व्यायाम करणारे १८ ते ४० वयाचे ४५ पुरुष निवडले. निम्म्यांना रोज ५ ग्रॅम क्रिएटिन, उरलेल्यांना दिसायला तशीच माल्टोडेक्स्ट्रिनची पावडर, असं १२ आठवडे चाललं. ३८ जण शेवटपर्यंत टिकले. या वेळी रक्तातल्या हार्मोनबरोबर डोकंही तपासलं गेलं: ठरावीक जागेतल्या केसांची दाटी, मुळ्यांची संख्या आणि केसांची जाडी. दोन गटांत ना डीएचटीचा फरक सापडला, ना केसांचा.

माझ्या मते या दोन अभ्यासांतून प्रामाणिकपणे एवढंच म्हणता येतं: रोजच्या ३ ते ५ ग्रॅम क्रिएटिनने केस जातात असं दाखवणारा पुरावा नाही आणि जो थेट पुरावा आहे तो उलट बाजूचा आहे. त्याला मर्यादा आहेत. १२ आठवडे हा टक्कलाच्या मानाने लहान काळ आहे, केसांची एक फेरीच काही वर्षांची असते. ३८ माणसं थोडी आहेत. आणि २५ ग्रॅमच्या लोडिंगचा केसांवरचा परिणाम तिथेही पाहिलेला नाही. ज्याच्या घरात वडील आणि मामा दोघांचे केस पंचविशीत गेले आहेत त्याला एवढ्यावर पूर्ण शांत झोप लागेल अशी अपेक्षा मी करणार नाही. पण त्याच्यासाठीही सोपा मार्ग आहे: लोडिंग करूच नये. रोज ३ ग्रॅम घेतलं तरी साधारण चार आठवड्यांत स्नायूंतला साठा लोडिंगवाल्याइतकाच भरतो. लोडिंगने वाचतात ते फक्त सुरुवातीचे दोन-तीन आठवडे, आणि ज्याला रणजीचा सामना खेळायचा नाही त्याला त्यांची घाई नसते.

क्रिएटिन हा काही परका पदार्थ नाही, हेही अनेकांना ठाऊक नसतं. आपलं यकृत आणि मूत्रपिंडं मिळून रोज सुमारे १ ग्रॅम क्रिएटिन तयार करतात. किलोभर मटणात ते चार-पाच ग्रॅम असतं. स्नायूंना झटक्यात ताकद लावायला जी ऊर्जा लागते ती पुन्हा भरून देणं हे त्याचं काम. ते हार्मोन नाही आणि हार्मोनसारखं वागतही नाही.

व्हे प्रोटीनबद्दल बोलायला त्याहून कमी आहे. श्रीखंडासाठी दही फडक्यात बांधून टांगलं की खाली जे निवळ पाणी गळतं, किंवा पनीर करताना जे उरतं, त्यातली प्रथिनं वेगळी करून वाळवली की झालं व्हे. कारखान्यात ते मुख्यतः चीज करताना उरलेल्या पाण्यातून निघतं. एका स्कूपमध्ये साधारण २४ ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे पाऊण लिटरच्या आसपास दुधात असतात तेवढी. त्याने टक्कल पडतं असं दाखवणारा पुरावा नाही. काही मुलांच्या चेहऱ्यावर आणि पाठीवर मुरुमं मात्र खरंच वाढतात. दुधातल्या या प्रथिनांमुळे इन्सुलिन आणि त्याच्या जातीचे वाढीचे घटक वर जातात, त्याच्याशी याचा संबंध जोडला जातो. मुरुमं आली म्हणजे ‘हार्मोन बिघडले’ आणि हार्मोन बिघडले म्हणजे आता केस जाणार, अशी भीतीची साखळी तिथून तयार होते. ती तिथेच तोडावी.

व्हेच्या बाबतीत काळजी करायचीच तर डब्यात नेमकं काय आहे याची करावी. केरळमधल्या डॉक्टर-संशोधकांनी भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ लोकप्रिय प्रोटीन पावडरी तपासून २०२४ मध्ये निष्कर्ष छापले. सुमारे ७० टक्के डब्यांवरचा प्रथिनांचा आकडा खरा नव्हता, काहींत तर सांगितल्याच्या निम्मीच प्रथिनं होती. काहींत बुरशीचं विष आणि कीटकनाशकांचे अंश सापडले. केसांच्या दृष्टीने आणखी एक जुना अभ्यास महत्त्वाचा आहे. जर्मनीतल्या कोलोन इथल्या प्रयोगशाळेने १३ देशांतून विकत घेतलेली, हार्मोन नसल्याचं सांगणारी ६३४ सप्लिमेंट तपासली, तेव्हा ९४ मध्ये लेबलवर न लिहिलेले स्टेरॉइडसारखे पदार्थ निघाले. तो अहवाल २००४ चा. म्हणून ‘एका महिन्यात साइज’ असं सांगणाऱ्या, बिनाबिलाच्या, जिमच्या काउंटरखालून मिळणाऱ्या पावडरीपासून लांब राहावं. डब्यावर एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक आहे का ते पाहावं आणि तो त्यांच्या संकेतस्थळावर टाकून कुणाच्या नावाचा आहे तेही बघावं. एखादी पावडर सुरू केल्यावर चार-सहा आठवड्यांत मुरुमं, छातीत गाठ आणि वजनात भलतीच वाढ असं सगळं एकदम दिसू लागलं, तर संशय व्हेवर न घेता त्यात काय मिसळलं आहे यावर घ्यावा.

मग इतकी मुलं शपथेवर सांगतात की पावडर सुरू केली आणि केस गळायला लागले, ती खोटं बोलतात का? नाही. केस खरंच गळतात. चुकतं ते कारण जोडण्यात. उदाहरण म्हणून पुण्यात नोकरी करणारा २४ वर्षांचा एक मुलगा घेऊ. जानेवारीत त्याने जिम धरली, सोबत व्हे आणि क्रिएटिन. मार्चमध्ये मित्राच्या सांगण्यावरून ‘कटिंग’ सुरू केलं: पोळी-भात बंद, दिवसाला २८०० कॅलरी खाणारा गडी एकदम १४०० वर आला, रात्री फक्त उकडलेलं चिकन आणि काकडी. दहा आठवड्यांत ९ किलो वजन उतरलं. मे अखेरीस उशीवर केस दिसू लागले, जूनमध्ये कंगवा भरून येऊ लागला. त्याने घाबरून क्रिएटिन बंद केलं, आणि पावसाळ्यात लग्नाचा हंगामही संपला होता म्हणून कटिंगही सोडलं, नेहमीसारखं जेवू लागला. ऑक्टोबरपर्यंत गळणं थांबलं. आता हा मुलगा जिममधल्या प्रत्येकाला स्वानुभवाने सांगेल की क्रिएटिनने केस जातात.

त्याला झालं होतं ते वेगळं. डोक्यावरचे साधारण दहातले नऊ केस कुठल्याही वेळी वाढीच्या अवस्थेत असतात. शरीराला मोठा धक्का बसला, मग तो डेंग्यू-टायफॉइडचा असो, ऑपरेशनचा असो की अचानक उपासमारीचा, की त्यातले बरेच केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात. तिथे दोन-तीन महिने राहून मग एकत्र गळतात. म्हणून गळती दिसते तेव्हा कारण दोन-तीन महिने मागे शोधावं लागतं, त्या आठवड्यात नाही. या मुलाची गळती मे-जूनची, म्हणजे कारण मार्चमधलं, आणि मार्चमध्ये सुरू झालं होतं ते कटिंग. क्रिएटिन जानेवारीपासून चालूच होतं. क्रिएटिन आणि कटिंग दोन्ही एकदम थांबवल्यामुळे श्रेय चुकीच्या वस्तूला गेलं.

ही गळती आणि खरं टक्कल यांत फरक घरीही बराचसा ओळखता येतो. उपासमारीची गळती डोकंभर होते, मागच्या पट्ट्यातही होते, आणि पडलेले केस लांब, सारख्या जाडीचे, टोकाला पांढऱ्या ठिपक्यासारखी मुळी असलेले असतात. वारशाच्या टक्कलात मोरीत फार केस दिसतीलच असं नाही. तिथे केस पडण्यापेक्षा बारीक होतात. शेंडीच्या जागेवरचा एक केस आणि मानेजवळचा एक केस उजेडात शेजारी धरून पाहिले तर जाडीतला फरक डोळ्यांना दिसतो. त्वचारोगतज्ज्ञ हेच भिंगाने बघतात: एकाच जागी जाड आणि बारीक केस मिसळलेले असले तर निदान वारशाच्या टक्कलाकडे झुकतं. आरशावर विश्वास ठेवू नये, त्याचा उजेड रोज बदलतो. दर दोन महिन्यांनी एकाच खिडकीपाशी, कोरड्या केसांनी, त्याच कोनातून कपाळाचा आणि शेंडीचा फोटो काढून ठेवावा. असे चार-पाच फोटो पुढे डॉक्टरांच्याही उपयोगी पडतात.

वयाचाही घोळ आहे. वारशाचं टक्कल विशीत सुरू होतं आणि मुलं जिमला जाऊ लागतात तीही विशीतच. पावडर न घेताही ज्याचे केस २२ व्या वर्षी मागे सरकू लागणारच होते, त्याला ते सरकताना पहिल्यांदा दिसतात जिमच्या मोठ्या आरशात, पांढऱ्या दिव्याखाली. कधी कधी दोन्ही गोष्टी एकत्र येतात. उपासमारीने गळालेले केस मागच्या बाजूला पूर्ववत येतात, पण शेंडीपाशी येतात ते बारीक होऊन, आणि आधीपासून चाललेलं टक्कल उघडं पडतं.

स्टेरॉइडच्या बाबतीत मात्र यातली एकही शंका उरत नाही. तिथे हार्मोनच शरीरात घातलं जातं. निरोगी पुरुषाचं शरीर दिवसाला साधारण ५ ते ७ मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन बनवतं, म्हणजे आठवड्याला ३५ ते ५० मिलिग्रॅम. जिममधली ‘सायकल’ बहुधा आठवड्याला २५० मिलिग्रॅमच्या दोन ॲम्प्यूलची असते. टेस्टोस्टेरॉन एनॅन्थेट असेल तर त्यातलं सुमारे ७२ टक्के खरं हार्मोन, बाकीचं त्याला चिकटवलेलं रसायन. तरी हिशेब ३६० मिलिग्रॅमवर जातो, म्हणजे शरीराच्या स्वतःच्या उत्पादनाच्या सात ते दहा पट. एन्झाइमला कच्चा माल इतका मिळाला की डीएचटीही त्याच मानाने वर जातं. स्टेलेनबॉशच्या खेळाडूंत जो बदल अर्धा-पाऊण नॅनोमोलही नव्हता, त्याच्याशी याची तुलनाच होऊ शकत नाही.

ज्याच्या मुळ्या संवेदनशील नाहीत त्याचे केस यातूनही टिकतात. हॅमिल्टन यांनी ऐंशी वर्षांपूर्वी पाहिलेली गोष्ट तीच होती. एकाच जिममध्ये एकच सायकल केलेल्या दोघांपैकी एकाची कपाळाची रेषा सहा महिन्यांत मागे जाते आणि दुसऱ्याला काहीच होत नाही. हा दुसरा मुलगाच मग इतरांना सांगतो की काही होत नाही रे, मी घेतोय ना. त्याचा अनुभव खरा असतो, पण तो फक्त त्याच्या डोक्यापुरता असतो.

आणि आता ती फिनास्टेराइडची गोळी. तिच्यावरचा भरवसा सर्वांत धोकादायक वाटतो, कारण तो अर्धवट ज्ञानावर उभा आहे. नुसत्या टेस्टोस्टेरॉनबरोबर ती घेतली तर डीएचटी काही प्रमाणात खरंच कमी होतं. पण टेस्टोस्टेरॉन स्वतःही केसाच्या मुळीवर काम करतं. ते डीएचटीपेक्षा कमजोर असलं तरी दहापट प्रमाणात मुळीला भिडलं की कमजोरी भरून निघते. पुढे सायकलमध्ये आणखी औषधं येतात. स्टॅनोझोलॉल, ऑक्झँड्रोलोन, ड्रोस्टॅनोलोन, मेस्टेरोलोन ही मुळात डीएचटीच्याच साच्यावर बनवलेली औषधं आहेत. त्यांना मुळीवर काम करायला त्या एन्झाइमची गरजच नसते. त्यामुळे एन्झाइमला अडवणाऱ्या गोळीचा त्यांच्यावर काही परिणाम होत नाही. ट्रेनबोलोनचंही तसंच, तेही एन्झाइमच्या वाटेने जात नाही आणि हार्मोनच्या ग्राहकाला घट्ट चिकटतं.

डेका म्हणून ओळखलं जाणारं नँड्रोलोन याहून उलटं आहे. तेच एन्झाइम नँड्रोलोनचं रूपांतर त्याच्यापेक्षा सौम्य पदार्थात करतं. म्हणजे केसांच्या मुळीपाशी एन्झाइम इथे बचाव करत असतं. फिनास्टेराइडने एन्झाइम बंद केलं तर नँड्रोलोन आपल्या मूळ, जास्त जोरदार रूपातच मुळीवर पडतं. केस वाचवायला घेतलेली गोळी इथे केसांच्या विरोधात जाते. हे त्या मुलाला कुणी सांगितलेलं नसतं, कारण गोळी सुचवणारा औषधांचा जाणकार नसून सुई विकणारा असतो. ही सगळी औषधं कायद्याने डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. फिनास्टेराइडही चिठ्ठीचंच औषध आहे, त्याने काही जणांच्या कामेच्छेवर आणि मनःस्थितीवर परिणाम होतो, आणि ते कुणाला द्यायचं हे तपासून ठरवावं लागतं.

सायकल थांबवल्यावर काय होतं, हेही सांगायला हवं. बाहेरून हार्मोन येत असल्याचं मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीला कळतं आणि ती वृषणांना काम करायला सांगणारे एलएच आणि एफएसएच हे संदेश बंद करते. वृषणं आकसतात, शुक्रजंतू कमी होतात, कधी जवळपास शून्यावर येतात. सुई बंद केल्यावर ही यंत्रणा पुन्हा चालू व्हायला काही महिने, काहींना वर्षाहून जास्त लागतं. त्या काळात थकवा आणि उदासी येते, आणि मुलगा ‘बरं वाटावं’ म्हणून परत सुईकडे वळतो. केसांपुरतं बोलायचं तर गळण्याचा वेग कमी होतो, पण बारीक झालेली मुळी आपोआप पूर्वीची होत नाही. जे टक्कल त्याला पस्तिशीत पडणार होतं ते पंचविशीत आलेलं असतं, आणि सायकल थांबवल्याने मधली दहा वर्षं परत मिळत नाहीत. मिनॉक्सिडिल आणि डॉक्टरांनी ठरवून दिलेली गोळी यांनी उरलेले केस बरेचदा राखता येतात, काही जाडही होतात. पण उपचार सोडला की तो फायदाही काही महिन्यांत जातो.

म्हणून ज्याने सुई घेतली आहे किंवा घेतो आहे, त्याने त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना ती गोष्ट लपवू नये. अनेक मुलं ‘फक्त प्रोटीन घेतो’ असं सांगतात आणि डॉक्टर त्या माहितीवर उपचार ठरवतात. कोणतं औषध, किती मिलिग्रॅम, किती आठवडे, शेवटची सुई कधी, हे कागदावर लिहून न्यावं. नाव नीट ठाऊक नसेल तर ॲम्प्यूलचा खोका न्यावा. नँड्रोलोन चालू असताना फिनास्टेराइड लिहून दिलं जाऊ नये यासाठी डॉक्टरांना एवढं कळणं पुरेसं असतं. टेस्टोस्टेरॉन, एलएच, एफएसएच, यकृताच्या तपासण्या आणि कोलेस्टेरॉल हे रक्तातून बघता येतं, आणि पुढे मूल हवं असेल तर वीर्यतपासणीही करून घ्यावी. आणि ज्याच्याकडे फक्त व्हे आणि क्रिएटिनचा डबा आहे, त्याने डॉक्टरांना सांगायची गोष्ट दुसरी आहे: गेल्या तीन-चार महिन्यांत वजन किती किलो उतरवलं, ताप कधी आला होता, आणि वडिलांचे व मामांचे केस कोणत्या वयात गेले.